हे पुस्तक कोणाचं? तोंडी परीक्षेतले रोख पुस्तकाचे प्रश्न

कॉमर्सच्या प्रॅक्टिकलला फाईल नीट लिहिलेली असते, आकडे जुळलेले असतात, आणि तरीही व्हायव्हाच्या टेबलावर मुलं अडकतात. अडकण्याची जागा बहुतेक वेळा एकच असते. बाहेरून आलेले परीक्षक रोख पुस्तकाचं पान उघडतात, एका नोंदीवर बोट ठेवतात आणि विचारतात, "पैसे बँकेत जमा केले म्हणता, मग बँकेच्या रकान्यात ते नावे बाजूला का?" मुलानं नोंद बरोबर केलेली असते, पण ती बरोबर का आहे ते त्याला सांगता येत नाही.

याचं कारण "जमा" या शब्दात आहे. विदर्भातल्या गावाकडच्या मुलाला हा शब्द तीन ठिकाणी भेटतो आणि तिन्ही ठिकाणी तो वेगळ्या बाजूनं बोलतो. एक गावातल्या दुकानाची वही, दुसरं बँकेचं पासबुक आणि तिसरं कॉलेजात शिकवलेलं रोख पुस्तक. म्हणून कोणत्याही प्रश्नाला उत्तर देण्याआधी मनात एक विचारून घ्यायचं: हे पुस्तक कोणाचं आहे, आणि त्यात कोणाचं खातं लिहिलंय?

दुकानाच्या वहीपासून सुरुवात करू. शेतकरी उधारीवर बियाणं नेतो आणि महिन्याभरानं येऊन विचारतो, "माह्या नावावर किती हाय?" या "नावावर" मध्येच नावे बाजू आहे. दुकानदाराच्या वहीत त्या शेतकऱ्याच्या खात्यावर रक्कम नावे लिहिलेली असते, म्हणजे ती त्याच्याकडून येणं आहे. त्यानं 2,000 रुपये आणून दिले की दुकानदार त्याच्या खाती 2,000 जमा करतो आणि येणं तेवढं कमी होतं.

आता जुन्या पद्धतीची कीर्द उघडा. देशी नाम्याच्या कीर्दीत डावी बाजू जमेची आणि उजवी नावेची. आलेली रोकड डावीकडे "अमक्याच्या खाती जमा" अशी लिहितात, गेलेली रोकड उजवीकडे "तमक्याच्या नावे" अशी. कॉलेजच्या रोख पुस्तकातही आलेली रोकड डावीकडेच लिहितात, पण त्या बाजूचं नाव मात्र नावे! इथे मुलांना वाटतं, दोघांपैकी एक चूक असणार. दोन्ही बरोबर आहेत. कीर्द समोरच्या माणसाच्या खात्याची भाषा बोलते: शेतकऱ्यानं पैसे दिले, म्हणून शेतकऱ्याचं खातं जमा. रोख पुस्तक रोकडीची स्वतःची भाषा बोलतं: रोकड आली, म्हणून रोकड खातं नावे. व्यवहार तोच, रक्कम तीच, फक्त आपण कोणाच्या खात्यात उभे आहोत ते बदललं.

यातून व्हायव्हाचा ठरलेला एक प्रश्न सुटतो. "रोख पुस्तक ही रोजकीर्द आहे की खतावणी?" दोन्ही, हे उत्तर पाठ असतं. पुढचा प्रश्न येतो, "कसं काय?" व्यवहार घडला की तो पहिल्यांदा इथेच तारखेनं लिहिला जातो, म्हणून ते मूळ नोंदीचं पुस्तक. आणि त्यात रोकड खात्याच्या दोन्ही बाजू असतात, शिल्लकही इथेच काढली जाते, म्हणून तेच रोकड खातं. खतावणीत रोकडीचं वेगळं खातं उघडायचं नसतं. उघडलं तर तेरीज पत्रकात रोकड दोनदा येते, आणि फाईल तपासताना ही चूक लगेच दिसते. खतवणी फक्त दुसऱ्या खात्याची करायची: रोख पुस्तकाच्या नावे बाजूची नोंद त्या खात्याच्या जमा बाजूला, जमा बाजूची नोंद त्या खात्याच्या नावे बाजूला.

आता एक महिना पूर्ण घेऊ. तालुक्याच्या गावातलं एक कृषी सेवा केंद्र, जून 2024, पेरणीचे दिवस. रोख आणि बँक असे दोन रकाने.

नावे बाजू

| तारीख | तपशील | रोख | बँक |
|---|---|---|---|
| 1 | मागील शिल्लक | 18,000 | 62,000 |
| 3 | रोख विक्री | 24,000 | |
| 4 | रोख (प्रति नोंद) | | 30,000 |
| 12 | ग्राहकाचा चेक | | 20,000 |
| 20 | बँक (प्रति नोंद) | 5,000 | |
| 29 | ग्राहकाचा चेक | | 12,000 |
| | एकूण | 47,000 | 1,24,000 |

जमा बाजू

| तारीख | तपशील | रोख | बँक |
|---|---|---|---|
| 4 | बँक (प्रति नोंद) | 30,000 | |
| 7 | अकोल्याचा ठोक व्यापारी | | 45,000 |
| 16 | हमाली | 1,200 | |
| 20 | रोख (प्रति नोंद) | | 5,000 |
| 24 | उचल | | 3,000 |
| 28 | वाहतूकदार | | 8,000 |
| 30 | दुकानभाडे | 4,000 | |
| 30 | पुढील शिल्लक | 11,800 | 63,000 |
| | एकूण | 47,000 | 1,24,000 |

परीक्षकाचं बोट सहसा 4 तारखेवर जातं. गल्ल्यातून 30,000 काढून बँकेत भरले. रोकड गेली, म्हणून रोख रकान्यात जमा बाजूला. बँकेतला पैसा वाढला, म्हणून बँक रकान्यात नावे बाजूला. एकाच व्यवहाराच्या दोन्ही बाजू याच पुस्तकात पूर्ण झाल्या, म्हणून ही प्रति नोंद, ज्याला सगळे कॉन्ट्रा म्हणतात. खाते पान क्रमांकाच्या रकान्यात तिथे कॉन्ट्राची खूण करायची. ती खूण सांगते की ही नोंद खतावणीत न्यायची नाही. खूण विसरली की आठवड्यानं खतवणी करणारा मुलगा ती रक्कम कुठल्या तरी खात्यात घालतो आणि तेरीज 30,000 नं चुकते.

कॉन्ट्रा ओळखायची कसोटी साधी आहे. व्यवहारात फक्त दुकानाची रोकड आणि दुकानाची बँक हे दोघंच असले पाहिजेत. तिसरं कोणी आलं की ती कॉन्ट्रा राहिली नाही. म्हणूनच 20 आणि 24 तारखेच्या नोंदी शेजारी ठेवून प्रश्न विचारतात. दोन्ही वेळा बँकेतून पैसे काढले. 20 तारखेचे 5,000 दुकानाच्या गल्ल्यात आले, ती कॉन्ट्रा. 24 तारखेचे 3,000 मालकानं घरखर्चाला नेले. ते गल्ल्यात आलेच नाहीत, म्हणून रोख रकान्यात काही नाही. बँक जमा आणि उचल खातं नावे. गावाकडच्या दुकानात घरचा आणि दुकानाचा खिसा एकच असतो, त्यामुळे मुलांना हा फरक उगाच शोधून काढल्यासारखा वाटतो. पण हे 3,000 कॉन्ट्रा म्हणून लिहिले तर पुस्तकात रोकड 14,800 दिसेल आणि गल्ल्यात मोजली तर 11,800 निघेल.

12 तारखेचा चेकही फसवतो. ग्राहकाकडून चेक आला आणि त्याच दिवशी बँकेत टाकला, म्हणून काही मुलं त्याला कॉन्ट्रा करतात. तो गल्ल्यात रोकड म्हणून आलाच नाही, सरळ बँक नावे आणि ग्राहकाचं खातं जमा. पण चेक आज आला, गल्ल्यात ठेवला आणि दोन दिवसांनी बँकेत भरला, असा प्रश्न पुस्तकात असेल तर पहिल्या दिवशी तो रोख रकान्यात घेऊन नंतर कॉन्ट्रा करण्याची पद्धत शिकवली जाते. परीक्षक तारखा बदलून हेच विचारतात, तेव्हा आधी तारीख ऐकायची.

"रोख रकान्याची शिल्लक जमा बाजूची असू शकते का?" हा प्रश्न जवळजवळ प्रत्येकाला येतो. उत्तर नाही, कारण गल्ल्यात 18,000 असतील तर त्यातून 18,001 देता येत नाहीत. हुशार परीक्षक पुढे विचारतात, "समजा तुमच्या पुस्तकात तशी आलीच, तर?" तर पुस्तकात चूक आहे, आणि ती कुठे शोधायची हे सांगता आलं पाहिजे. आपल्याच महिन्यात पाहा. 3 तारखेची 24,000 ची विक्री विसरून 5 तारखेला लिहिली, तर 4 तारखेला 18,000 मधून 30,000 भरल्यासारखं दिसतं आणि रोकड उणे 12,000 होते. महिन्याच्या शेवटी शिल्लक 11,800 च येते, म्हणून चूक लपून राहते. दिवसागणिक शिल्लक काढली तरच ती सापडते. आलेली रक्कम लिहायची राहिली, एकच खर्च दोनदा लिहिला किंवा तारखा मागेपुढे झाल्या, ही तीन कारणं पहिल्यांदा तपासायची. मालकानं घरून पैसे आणून गल्ल्यात टाकले आणि लिहिले नाहीत, हे चौथं. ते भांडवल किंवा मालकाकडून घेतलेली रक्कम म्हणून नावे बाजूला यायला हवं होतं.

बँक रकान्याचं तसं नाही. तिथे जमा शिल्लक येऊ शकते, कारण ओव्हरड्राफ्ट किंवा कॅश क्रेडिटची सोय असेल तर बँक आपल्या पैशापेक्षा जास्त देते. खरिपाआधी खतांचा साठा भरणारे दुकानदार याच सीसी खात्यावर चालतात. इथे एक गफलत होते. सीसीची मर्यादा म्हणजे शिल्लक नव्हे. 5,00,000 ची मर्यादा मंजूर झाली म्हणून पुस्तकात काहीच लिहायचं नसतं. त्यातून 40,000 उचलले की 40,000 ची जमा शिल्लक दिसते.

आता पासबुक. बँक रकाना दुकानदाराच्या पुस्तकातला आहे. पासबुक म्हणजे बँकेच्या पुस्तकात दुकानदाराचं जे खातं आहे, त्याची नक्कल. दुकानदारानं 30,000 भरले की बँक त्याची देणेकरी होते, म्हणून बँकेच्या पुस्तकात त्याचं खातं जमा. त्याच्या स्वतःच्या पुस्तकात बँक त्याची ऋणको, म्हणून बँक नावे. शेतकरी दुकानदाराकडे पैसे भरतो तेव्हा दुकानदार जे करतो, तेच बँक दुकानदाराच्या बाबतीत करते. म्हणून रोख पुस्तकाची नावे शिल्लक आणि पासबुकाची जमा शिल्लक या एकाच गोष्टीच्या दोन बाजू आहेत. "पासबुकात नावे शिल्लक 40,000 आहे, म्हणजे काय?" असं विचारलं तर उत्तर: ओव्हरड्राफ्ट. बँकेला आपल्याकडून 40,000 यायचे आहेत.

जूनअखेर आपल्या दुकानदाराच्या रोख पुस्तकात बँकेची शिल्लक 63,000. पासबुक भरून आणलं तर 30 जूनला शिल्लक 65,264. फरक 2,264. परीक्षक बँक जुळवणी पत्रकावर याच क्रमानं विचारतात: फरक का पडला, कोणत्या बाबीचं काय करायचं आणि पत्रकानंतर पुस्तकात कोणत्या नोंदी होतील.

पासबुकाची एकेक ओळ रोख पुस्तकाशी ताडून खुणा करत गेलं की चार बाबी बिनखुणेच्या उरतात. वाहतूकदाराला 28 जूनला दिलेला 8,000 चा चेक त्यानं अजून बँकेत टाकला नाही. 29 जूनला भरलेला 12,000 चा चेक अजून वटला नाही. तो शनिवार होता, दुसऱ्या दिवशी रविवार. बँकेनं 200 रुपये शुल्क आणि त्यावर 18 टक्के जीएसटी मिळून 236 कापले. आणि एका शेतकऱ्यानं उधारीचे 6,500 मोबाईलवरून सरळ खात्यात पाठवले, जे दुकानदाराला पासबुक पाहिल्यावर कळलं.

रोख पुस्तकाच्या शिल्लकेपासून निघू. बेरीज की वजाबाकी, हे पाठ करायचं काम नाही. प्रत्येक बाबीला विचारायचं, यामुळे पासबुक रोख पुस्तकापेक्षा जास्त दाखवतंय की कमी? वाहतूकदाराचे 8,000 आपण वजा केले, बँकेनं केले नाहीत. पासबुक जास्त, मिळवा. शेतकऱ्याचे 6,500 बँकेनं घेतले, आपण नाही. पासबुक जास्त, मिळवा. 12,000 आपण मिळवले, बँकेनं नाही. पासबुक कमी, वजा. 236 बँकेनं कापले, आपण नाही. पासबुक कमी, वजा. 63,000 अधिक 14,500 म्हणजे 77,500, त्यातून 12,236 वजा, उरले 65,264. जुळलं.

ओव्हरड्राफ्ट असताना मुलं चिन्हं उलटी करायला जातात आणि घोटाळा होतो. उलटं काहीच करू नका. फक्त सुरुवातीच्या आकड्यापुढे उणे चिन्ह लावा. रोख पुस्तकात 40,000 चा ओव्हरड्राफ्ट आणि 8,000 चा न टाकलेला चेक असेल, तर उणे 40,000 अधिक 8,000 म्हणजे उणे 32,000. पासबुकात ओव्हरड्राफ्ट 32,000.

यानंतरचा प्रश्न गुण ठरवतो: "या चारपैकी कोणत्या बाबी रोख पुस्तकात लिहाल?" फक्त दोन. 236 बँक शुल्क म्हणून जमा बाजूला, आणि 6,500 त्या शेतकऱ्याच्या नावानं नावे बाजूला. या गोष्टी खरंच घडल्या आहेत, आपल्याला उशिरा कळल्या एवढंच. बाकीच्या दोन आपण लिहिल्याच आहेत. तिथे मागे आहे ती बँक. नोंदी केल्यावर रोख पुस्तकाची शिल्लक 69,264 होते, आणि तिथून 8,000 मिळवून 12,000 वजा केले की परत 65,264. ताळेबंदात जाणारा बँकेचा आकडा हा 69,264 आहे. त्यात 63,000 दाखवणं चूक, आणि पासबुकातले 65,264 दाखवणंही चूक.

जुळवणी पत्रक कोण तयार करतं, असंही विचारतात. खातेदार करतो, बँक नाही. आणि ते हिशेबाच्या पुस्तकांचा भाग नाही. एका विशिष्ट तारखेचं पत्रक आहे, म्हणून त्याच्या शीर्षकात तारीख हवीच. शीर्षकाशिवायचं पत्रक फाईलमध्ये दिसलं की परीक्षक तिथेच थांबतात.

न वटलेल्या चेकबद्दल आता एक भर घालावी लागते. भारतीय रिझर्व्ह बँकेनं 4 ऑक्टोबर 2025 पासून चेक त्याच दिवशी वटवण्याची व्यवस्था सुरू केली, त्यामुळे भरलेला चेक दिवसेंदिवस अडकून राहण्याचं प्रमाण कमी होतं. पण आपण दिलेला चेक समोरच्यानं खिशात ठेवला तर कोणतीच व्यवस्था तो वटवू शकत नाही. तो फरक राहणारच.

प्रॅक्टिकल टॅलीवर असेल तर हेच प्रश्न कळफलकावर येतात. बँकेत रोकड भरली तर `F4` कॉन्ट्रा, कोणाला पैसे दिले तर `F5` पेमेंट, आले तर `F6` रिसीट. मालकाची उचल `F5` मध्ये जाते, `F4` मध्ये नाही, कसोटी वहीतलीच. जुळवणीच्या पडद्यावर प्रत्येक नोंदीपुढे `Bank Date` ची जागा असते. पासबुकात ती नोंद ज्या तारखेला दिसते ती तिथे भरायची. आपली चेक लिहिल्याची तारीख तिथे भरणं ही सर्रास होणारी चूक आहे. मग फरकच दिसत नाही आणि खोटी जुळणी होते.

शेवटी दोन प्रश्न, जे चांगल्या मुलांना मुद्दाम विचारले जातात. पहिला: 29 जूनचा 12,000 चा चेक 2 जुलैला न वटता परत आला, तर जूनची नोंद खोडायची का? नाही. 2 जुलैला बँक रकान्यात जमा बाजूला त्या ग्राहकाच्या नावानं 12,000 लिहायचे. ग्राहकाचं येणं पुन्हा उभं राहतं, आणि चेक आला होता याचा पुरावाही जागेवर राहतो.

दुसरा: वाहतूकदारानं तो 8,000 चा चेक सप्टेंबर संपेपर्यंत बँकेत टाकलाच नाही, तर? चेकची मुदत 1 एप्रिल 2012 पासून त्याच्यावरच्या तारखेपासून तीन महिने आहे. आता तो वटणार नाही, म्हणून त्याला न टाकलेला चेक म्हणून जुळवणीत ओढत राहायचं नाही. रोख पुस्तकात बँक रकान्यात नावे बाजूला 8,000 घ्यायचे. समोर मात्र वाहतूक खर्च जमा करायचा नाही, तर वाहतूकदाराचं खातं जमा करायचं. माल अकोल्याहून दुकानात आलेला आहे, खर्च झालेला आहे. बाकी आहे ते त्याचं देणं, आणि ते ताळेबंदात धनको म्हणून दिसलं पाहिजे.